माणसं चांगली, तरी मालिका शांत नाही

पडद्यावर कुणाचा आवाज चढला की उठून आत जाणारे प्रेक्षक घरोघरी असतात. लपवलेलं पत्र आता सापडणार, कुणाचा तरी चारचौघांत पाणउतारा होणार, असं दिसू लागलं की त्यांची छाती धडधडते. मालिका संपल्यावरही तो ताण उतरत नाही, झोप लागत नाही. त्यांना रक्तपात सोसत नाही हे सगळ्यांना कळतं, पण त्यांना छळणाऱ्या बहुतेक गोष्टींत रक्ताचा थेंबही नसतो. म्हणून २०२१च्या नियमांनुसार ओटीटीवर दिसणारी ‘यू/ए १३+’ यांसारखी श्रेणी त्यांच्या फारशी उपयोगाची नाही. हिंसा आहे का, शिव्या आहेत का, एवढं ती सांगते. एक गैरसमज चार भाग ताणला आहे का, हे तिथे लिहिलेलं नसतं.

मग ओळखीपाळखीचे लोक सुचवतात : ‘पंचायत’ बघा, एकदम हलकीफुलकी आहे. २०२०चा पहिला सीझन खरोखर तसाच आहे. फुलेरा गावात आलेला सचिव अभिषेक त्रिपाठी कंटाळलेला असतो, पण गाव त्याच्याशी वैर धरत नाही. एका भागात झाडावरच्या भुताचा प्रश्न असतो आणि शेवटी निघतो तो गुरुजींनी फार पूर्वी ओढलेला गांजा. एका भागात लग्नाला आलेला नवरदेव चाकांच्या खुर्चीसाठी हटून बसतो. पेच लहान असतात आणि त्या-त्या भागातच मिटतात. प्रेक्षक टीव्ही बंद करतो तेव्हा त्याच्या डोक्यात काही उरत नाही, आणि माझ्या मते या सीझनचं खरं कसब तेच आहे.

२०२२च्या दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात मात्र गावातल्या प्रल्हादचा सैन्यातला एकुलता मुलगा शहीद झाल्याची बातमी येते. फैसल मलिकचं ते काम विलक्षण आहे. पण शांततेच्या आशेने आलेल्या माणसाला त्याची काहीच कल्पना नसते. २०२४चा तिसरा सीझन गावच्या प्रधानजींवरच्या गोळीबारापर्यंत जातो आणि गोळी कुणी झाडली हे टांगतं ठेवतो. २०२५चा चौथा तर मंजुदेवी आणि क्रांतिदेवी यांच्या निवडणुकीभोवतीच फिरतो : दोन गट, कुरघोड्या, टोमणे. गाव तेच, नट तेच, नावही तेच. बदलला तो पेच त्या-त्या भागातच मिटवण्याचा शिरस्ता. यात लेखकांची एक खरी अडचण आहे. मालिका लोकप्रिय झाली की पुढच्या सीझनसाठी लोकांना थांबवून धरावं लागतं, आणि त्यासाठी हाताशी येणारं पहिलं साधन म्हणजे अर्धवट सोडलेलं संकट. म्हणून नाजूक मनाच्या माणसाला मी ‘पंचायत’ सुचवते ती पहिल्या सीझनपुरतीच.

माणसं भली असली की मालिकाही शांत असणार, हा दुसरा समज. २०२५ची कोरियन ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स’ घ्या. जेजू बेटावरची एसुन आणि तिच्यावर जन्मभर निमूटपणे माया करणारा ग्वान-सिक यांच्याइतकी भली जोडी अलीकडे पडद्यावर क्वचित दिसली. पण त्याच कथेत वादळात त्यांचं धाकटं मूल जातं. हा तपशील मी मुद्दाम सांगते आहे. ज्यांना धक्का सोसत नाही त्यांना शेवट आधी कळणं हा रसभंग नाही, तो आधार आहे. ‘अ मॅन ऑन द इनसाइड’मध्ये टेड डॅन्सनचा निवृत्त प्राध्यापक वृद्धनिवासात गुप्तहेर म्हणून राहतो. सगळे एकमेकांशी प्रेमाने वागतात, पण तो खोटं बोलतोय हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असतं आणि उघडकीला येण्याची टांगती तलवार प्रत्येक हसऱ्या प्रसंगावर लटकते. ‘दुपहिया’त लग्नासाठी आणलेली मोटारसायकल चोरीला जाते. विनोद निर्मळ आहे, पण लग्नाची तारीख जवळ येत राहते. ताण माणसांच्या स्वभावातून येतो त्याहून जास्त अशा रचनेतून येतो.

रचनाच बदलली तर काय होतं, हे पाहायचं असेल तर ‘द माकानाई’ बघावी. हिरोकाझू कोरे-एदा यांची ही नऊ भागांची जपानी मालिका जानेवारी २०२३मध्ये नेटफ्लिक्सवर आली. आओमोरीच्या दोन जिवलग मैत्रिणी, कियो आणि सुमिरे, माइको म्हणजे शिकाऊ गेइशा होण्यासाठी क्योटोला येतात. सुमिरेकडे उपजत देणगी आहे. कियोला नाच काही केल्या जमत नाही आणि तिला नकार मिळतो. आपल्याकडच्या कुठल्याही दैनंदिन मालिकेने इथेच मत्सराचं बी पेरलं असतं आणि त्यावर वर्ष काढलं असतं. कोरे-एदा कियोला स्वयंपाकघरात नेतात. माइको राहतात त्या घरातल्या सगळ्या मुलींचं जेवण ती करू लागते आणि त्यातच रमते. सुमिरे नाचात पुढे जाते, कियो भाजी निवडते, आणि मैत्रीला तडा जात नाही. ‘कोण जिंकणार’ हा प्रश्नच कथेतून काढून टाकलेला आहे. तरी मालिका रिकामी वाटत नाही, कारण त्या जागी काम आहे : बाजारात भाजी पारखणं, अडलेला बेत सावरणं, उशिरा परतणाऱ्या मुलीसाठी जेवण राखून ठेवणं. संघर्ष काढला की तिथे दुसरं काहीतरी तितक्याच बारकाईने भरावं लागतं. ते न भरता नुसतं गोड बोलणाऱ्या माणसांची मालिका केली तर प्रेक्षक ती तिसऱ्या भागात बंद करतो.

या मालिकेचं एक दुखणं सांगायलाच हवं. २०२२मध्ये जपानमध्ये एका माजी माइकोने, अल्पवयात दारू पाजली गेल्याचे आणि लैंगिक छळाचे आरोप जाहीरपणे केले होते. मालिकेच्या उबदार घरात त्या काळोखाला जागा नाही. शांत कथा सांगण्यासाठी ही पार्श्वभूमी निवडली याचं मला वाईट वाटतं. कियोची गोष्ट एखाद्या खाणावळीतही तितकीच खुलली असती.

असला सल नको असेल तर जपानचीच ‘पोकेमॉन कॉन्सिअर्ज’ आहे. नोकरीत आणि प्रेमात हरलेली हारू एका बेटावरच्या विश्रामगृहात कामाला लागते. बाहुल्या चौकट-चौकट हलवून केलेले छोटे भाग आहेत. लहान मुलांची म्हणून मोठ्यांनी ती टाळू नये.

मराठीत या वळणाचं सर्वांत नेमकं काम वरुण नार्वेकर यांच्या ‘आणि काय हवं’ने केलं. २०१९पासून तिचे तीन सीझन आले. प्रिया बापट आणि उमेश कामत यांचे जुई-साकेत पहिलं घर घेतात, पहिली गाडी घेतात. रुसतात, आणि लगेच बोलतात. बोलून टाकलं की गैरसमजाला वाढायला वेळच मिळत नाही, आणि संध्याकाळच्या मराठी मालिकांचा सगळा डोलारा नेमका त्या न बोलण्यावर उभा असतो.

नवी मालिका हाती घेताना म्हणून मी आधी शेवटच्या भागाचा सारांश वाचते, मग पहिल्या भागाची शेवटची पाच मिनिटं बघते. पेच तिथे मिटला असेल तर पुढे जावं. दार वाजून, चेहरा दाखवून भाग तुटला असेल तर तीच पद्धत पुढेही असणार. doesthedogdie.com या संकेतस्थळावर प्राणी मरतो का, मूल दगावतं का, अशा प्रश्नांची उत्तरं प्रेक्षकांनीच नोंदवलेली असतात. पण तिथे इंग्रजी मालिकांची जितकी दखल आहे, तितकी आपल्याकडच्यांची नाही. मराठी-हिंदी मालिका बघणाऱ्यांनी अशा नोंदी करायला लागावं. कुठल्या भागात कोण जातं, कुठला सीझन कुठे थांबवावा, एवढं दोन ओळींत लिहिलं तरी कुणाची तरी रात्र सुखाची जाईल.