पाकशाळा आणि डोह : अध्यापन-निवेदनाचे वाचन



खांडबाऱ्यात तत्त्वज्ञानावर बोलायचे म्हटले की लोक थोडे सावध होतात. आजचा विषय तसा भीतीदायक नाही. एका पानाच्या लिखाणाबद्दल बोलायचे आहे. टीचिंग फिलॉसॉफी स्टेटमेंट. आपण त्याला अध्यापन-निवेदन म्हणू. आयआयटीसारख्या संस्था आणि काही खासगी विद्यापीठे अर्जासोबत ते मागतात. आपल्या अनुदानित महाविद्यालयांत ते लेखी मागत नसले, तरी यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत उमेदवाराची शिकवण्याची क्षमता वर्गातल्यासारखे व्याख्यान घेऊन पाहावी, असे सुचवले आहे. मुलाखतीत 'तुम्ही कसे शिकवता?' हा प्रश्न येतोच. म्हणजे कागद असो वा तोंडी, उत्तर एकच तयार करायचे आहे.

प्राणिशास्त्र शिकवणारी एक मुलगी मध्यंतरी माझ्याकडे आपला मसुदा घेऊन आली. तिच्या परवानगीने त्याची सुरुवात वाचतो. 'माझे अध्यापन विद्यार्थीकेंद्री असून अनुभवाधिष्ठित, सहभागात्मक व समस्या-निराकरण पद्धतींवर माझा विश्वास आहे. प्रत्येक विद्यार्थ्यामध्ये सुप्त गुण असतात. दुर्गम आदिवासी भागातील विद्यार्थ्यांना ज्ञानाच्या प्रकाशात आणणे हे माझे ध्येय आहे.' असे पूर्ण पान.

मी तिला म्हटले, बाई, यातले प्रत्येक वाक्य उलटे करून बघ. 'माझे अध्यापन विद्यार्थ्यांकडे दुर्लक्ष करणारे आहे.' 'विद्यार्थ्यांमध्ये कसलेही गुण नसतात.' असे कोणी लिहील का? नाही ना? मग ज्या वाक्याचे उलटे कोणीच म्हणणार नाही, ते वाक्य म्हणून तू इतरांपेक्षा वेगळी कशी ठरलीस? समितीपुढे समजा पन्नास अर्ज आहेत. पन्नासही जण विद्यार्थीकेंद्री आहेत. ते वाक्य खोटे नाही हो, पण त्याने निवड करता येत नाही.

आता ही भाषा आली कुठून, तेही पाहू, म्हणजे दोष त्या मुलीवर टाकायला नको. नॅकच्या मूल्यांकनात अध्यापन-अध्ययनाच्या निकषाखाली अगदी हेच तीन शब्द येतात : अनुभवाधिष्ठित, सहभागात्मक, समस्या-निराकरण. महाविद्यालयाचा एसएसआर लिहिताना ते शब्द वापरावेच लागतात, कारण तिथे संस्थेने ठरलेल्या रकान्यात उत्तर द्यायचे असते. आपल्या तरुण प्राध्यापकांनी असे अहवाल रात्र-रात्र बसून टाइप केलेले आहेत. हाताला तीच सवय लागते. पण संस्थेचा अहवाल आणि एका माणसाचे निवेदन हे दोन वेगळे प्रकार आहेत. संस्था म्हणते, आमच्याकडे असे चालते. माणसाने सांगायचे असते, मी अमुक तासाला अमुक केले.

इथे मला माझ्या विषयाची मदत घेऊ द्या. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाची पाच अंगे सांगितली आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच धुराने भरलेला आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे निगमन. उदाहरण इथे शोभेसाठी आलेले नाही. ते अनुमानाचा अवयव आहे, ते काढले तर अनुमान लंगडे होते. आणि नैयायिक एवढ्यावर थांबत नाहीत. ते उलट दृष्टान्तही देतात : जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, जसा पाण्याचा डोह. आपली निवेदने कशी असतात? नुसती प्रतिज्ञा, प्रतिज्ञा आणि पुन्हा प्रतिज्ञा. स्वयंपाकघर नाही, आणि डोह तर मुळीच नाही.

मी त्या मुलीला एकच प्रश्न विचारला. गेल्या वर्षी तुझ्या वर्गात कोणती चूक सगळ्यात जास्त मुलांनी केली? ती लगेच बोलायला लागली. वीस मिनिटे थांबली नाही. मग म्हटले, हेच लिही. आठ दिवसांनी तिने आणलेला परिच्छेद असा :

'द्वितीय वर्षाच्या वर्गात मी विचारले : आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक आहेत, पहिल्या मुलाला आजार आहे, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता किती? चाळीस जणांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी लिहिले की चारांत एक रुग्ण असतो, तो होऊन गेला, आता धोका नाही. पनेटची चौकट मात्र सगळ्यांनी बरोबर काढली होती. म्हणून मी जोड्या लावल्या, प्रत्येकाला एक नाणे दिले. छापा म्हणजे साधे जनुक, काटा म्हणजे सिकलचे. दोघांचेही काटे पडले तर मूल रुग्ण. प्रत्येक जोडीने चार मुले नोंदवली. वीस कुटुंबांपैकी सहांत एकही रुग्ण नव्हता, नवांत एक होता, पाचांत दोन किंवा अधिक. तरीही एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, नाण्याला आठवण नसते, पण रक्ताला असते." मला तेव्हा उत्तर सुचले नाही. पुढच्या तासाला मी अर्धसूत्री विभाजनापासून पुन्हा सुरुवात केली : प्रत्येक वेळी नवे बीजांड, नवा शुक्राणू. दोन आठवड्यांनी तोच प्रश्न मी रंगहीनतेचे उदाहरण घेऊन दिला. आठ जण अजूनही चुकले. त्यांतले बहुतेक जण जोडीत नाणे उडवणारे होते, नोंद दुसऱ्याने ठेवली होती. आता मी नोंद दोघांनाही ठेवायला लावते.'

मित्रहो, यात 'अनुभवाधिष्ठित' हा शब्द कुठेही नाही. आता हा परिच्छेद समितीच्या नजरेने वाचू.

पहिली गोष्ट, चूक नेमकी सांगितली आहे. 'विद्यार्थ्यांना आनुवंशशास्त्र अवघड जाते' असे ती म्हणत नाही. चौकट काढता येते, पण चौकटीतला पाव भाग म्हणजे चार मुलांचा कोटा नव्हे, हे कळत नाही, असे म्हणते. विषयाचा जाणकार इथे मान वर करतो, कारण त्यानेही हीच चूक वर्गात पाहिलेली असते.

दुसरी गोष्ट, तिचा प्रयोग फसू शकला असता. मुलांची समजूत खरी असती तर वीसच्या वीस कुटुंबांत नेमका एकेक रुग्ण यायला हवा होता. हिशेब करून बघा. चारही मुले निरोगी असण्याची शक्यता म्हणजे पाऊण गुणिले पाऊण असे चार वेळा, सुमारे ३२ टक्के. नेमका एक रुग्ण असण्याची सुमारे ४२ टक्के, दोन किंवा अधिक असण्याची २६ टक्के. वीस कुटुंबांत याचे साधारण सहा, आठ आणि पाच होतात. तिला सहा, नऊ, पाच मिळाले. पण वर्गात दहाच मुले असतील, म्हणजे पाचच जोड्या, तर आकडे कसेही येतील आणि मुलांची चुकीची समजूत उलट पक्की होऊ शकेल. तेव्हा प्रत्येक जोडीकडून दोन-तीन कुटुंबे करून घ्यावी लागतील. निवेदन लिहिणाऱ्याला आपल्या पद्धतीची ही मर्यादा माहीत हवी, कारण मुलाखतीत नेमके हेच विचारतील.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची, तो विद्यार्थी. 'रक्ताला आठवण असते.' काय प्रश्न आहे बघा! नाणे हा दृष्टान्त आहे, आणि हा दृष्टान्त इथे लागू का पडतो, असे तो विचारतो आहे. म्हणजे तो उपनय मागतो आहे. शिक्षिकेने स्वयंपाकघर दाखवले, पण डोंगर स्वयंपाकघरासारखा आहे हे दाखवायचे राहिले होते. ते तिने दुसऱ्या दिवशी दाखवले. बहुतेक उमेदवार 'मला उत्तर सुचले नाही' हे वाक्य खोडून टाकतील. तिनेही खोडले होते. मी पुन्हा लिहायला लावले. त्या वाक्यामुळेच पुढचा तास का घेतला हे कळते.

चौथी गोष्ट, तो डोह. आठ जण चुकले, आणि का चुकले असावेत याचा तिने शोध घेतला. आठ जणांवरून नियम सिद्ध होत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. ती फक्त एवढेच म्हणते की पुढच्या वेळी मी हे बदलले. 'माझ्या पद्धतीने विद्यार्थ्यांच्या आकलनात लक्षणीय वाढ झाली' असे लिहिले असते, तर मी तिला विचारले असते, कोणाच्या तुलनेत?

आता एक कठोर गोष्ट. पहिल्या मसुद्यातले 'ज्ञानाच्या प्रकाशात आणणे' आठवा. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल हा काही पाठ्यपुस्तकातला विषय नाही. वर्गात मावची बोलणारी मुले बसलेली असतात, आणि त्यांच्यापैकी कोणाच्या घरात तो आजार असणारच. 'आता धोका नाही' ही समजूत घेऊन एखादे जोडपे पुढच्या वेळी तपासणी टाळेल, तेव्हा ही चूक परीक्षेतल्या दोन गुणांची राहत नाही. हे जिला कळते, तिला अंधार-प्रकाशाची गरज पडत नाही. त्या शब्दांनी मुले अंधारात आहेत एवढेच सांगितले जाते, शिक्षिका काय करते हे कळत नाही. आपल्याच विद्यार्थ्यांना कमी लेखून आपण थोर दिसायचे, हा प्रकार मी कितीतरी अर्जांत पाहिला आहे.

याच्या उलट टोकाचीही चूक होते. ठोस उदाहरण द्या म्हटले की कोणी लिहितो, 'अमुक पाड्यावरची एक मुलगी, जिची बहीण या आजाराने गेली...' वाचणाऱ्याचे मन हेलावते, पण ती मुलगी त्या कागदावर कोणाला विचारून आली? या शिक्षिकेने वर्गात कोणाच्याही घरची गोष्ट विचारली नाही. म्हणूनच तिने नाणी वाटली. नाण्यांच्या कुटुंबात कोणाचे खरे नाव नसते. निवेदनातही 'एक विद्यार्थी' एवढेच ठेवले. मुलाची चूक सांगायची, त्याची ओळख सांगायची नाही. ठोस असणे आणि उघडे पाडणे यांत फरक आहे.

शेवटी कोणी विचारेल, मग तत्त्व कुठे लिहायचे? निगमनाच्या जागी, म्हणजे शेवटी. तिच्या निवेदनाचे अखेरचे वाक्य असे झाले : 'आकृती बरोबर काढता येणे म्हणजे समजणे, असे मी आता मानत नाही, म्हणून प्रत्येक घटकानंतर मी एक प्रश्न असा देते की ज्यात आकृतीचा उपयोग होत नाही.' हे वाक्य उलटे करून बघा. आकृती बरोबर आली म्हणजे मूल समजले, असे मानणारे शिक्षक आहेत. पुष्कळ आहेत. मीही कित्येक वर्षे त्यांतलाच होतो. तर्कशास्त्राच्या पेपरात व्हेनच्या आकृत्यांना मी पूर्ण गुण देत असे, आणि त्याच मुलांना साध्या बोलण्यातला तर्कदोष ओळखता येत नसे. तिच्या या वाक्याशी कोणीतरी असहमत होऊ शकतो, आणि म्हणून त्या वाक्याला आता अर्थ आहे.

घरी गेल्यावर निवेदन लिहायला बसाल, तेव्हा आधी गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढा. प्रतिज्ञा सगळ्यांत शेवटी लिहा.