कंसातला माणूस कोण?

आजचा विषय तसा किरकोळ वाटेल: कारकुनाने आळसाने म्हणा, कागद वाचवायला म्हणा, जे लिहिलं नाही ते आपण कसं छापायचं?

आपल्या कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे मोडी कागद बघायला बसलं की पहिल्या ओळीतच संक्षेप भेटतात. एखादं अक्षर आणि पुढे उभा काना, झाला संक्षेप. ‘रा।’ म्हणजे राजश्री. ‘छ’ म्हणजे चंद्र, पुढे मुसलमानी महिन्याची तिथी. इथपर्यंत सोपं आहे. ‘ता।’ मात्र फसवं. गावाच्या नावाआधी आलं तर ते तर्फ असेल किंवा तालुका, तारखेआधी आलं तर तागाईत. आणि आपल्याकडच्या कितीतरी छापील साधनग्रंथांत संपादक प्रस्तावनेत एक वाक्य टाकतो, ‘वाचकांच्या सोयीसाठी संक्षेप पूर्ण केले आहेत’, आणि पुढे पाचशे पानं ‘तर्फ’ छापतो. त्यातलं कुठलं ‘तर्फ’ कारकुनाचं आणि कुठलं संपादकाचं, हे कळायला मार्ग नाही. माझी तक्रार आहे ती इथे. उलगडलं म्हणून नाही, गुपचूप उलगडलं म्हणून. राजवाड्यांच्या खंडांत ‘छ’, ‘रा।’ असे संक्षेप तसेच भेटतात. नवख्या वाचकाला ते टोचतात, पण फसवत तरी नाहीत.

आता एक पान घेऊ. हे मी शिकवण्यासाठी रचलेलं आहे, खरं नाही, म्हणजे कुणाच्या घराण्याला धक्का नको! जन्म-मृत्यूचं रजिस्टर, गाव नमुना १४ च्या धर्तीचं. जातीच्या रकान्यात पहिल्या ओळीला ‘कु.’. दुसरीला 〃. तिसरीला ‘लोहार’. मग दोन ओळींच्या मध्ये, फिकट शाईत, दाटीवाटीने घातलेली नोंद, ‘सुतार’. त्याखाली पुन्हा 〃.

हा शेवटचा 〃 कुणाचा? डोळा म्हणतो सुतार, कारण वरती तेच आहे. पण शाई बघा. सुताराची नोंद उशिरा कळवलेली, नंतर कोंबलेली. 〃 लिहिला तेव्हा वरती लोहारच होता. म्हणून मी लिहीन: 〃 (लोहार, ओळ ३). मूळ खूण जागेवर, माझी भर गोल कंसात, आणि ती कुठून आणली तेही सोबत. चौकोनी कंस मी फाटलेल्या, वाळवीने खाल्लेल्या मजकुरासाठी राखून ठेवतो. कारकुनाने मुद्दाम न लिहिलेलं आणि काळाने पुसलेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिलालेख आणि पपायरस वाचणाऱ्यांनी १९३१ साली लायडनला हाच फरक ठरवून घेतला. आपण अजून एकाच कंसात दोन्ही कोंबतो.

पान उलटल्यावर पहिल्याच ओळीला 〃 असेल तर आधीचं पान हाताशी हवं. ते शिवणीतून निखळलेलं असेल, तर 〃 तसाच ठेवायचा. भरायचा नाही.

आता ‘कु.’. कुणबी? कुळवाडी? की कुंभार? मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि अनुस्वार सर्रास गळतो, त्यामुळे ‘कुं’ नाही म्हणून कुंभार बाद, असं म्हणता येत नाही. मग काय करायचं? त्याच हाताने त्याच रजिस्टरात पूर्ण शब्द कुठे लिहिलाय ते शोधायचं. धंद्याचा रकाना असेल तर तो बघायचा. कुंभार तो इतरत्र पुरा लिहितो आणि ‘कुणबी’ला कधी पुरा, कधी ‘कु.’, असं दिसलं तर कु(णबी) लिहायला आधार आहे. तसं काही नसेल तर ‘कु.’ तसंच, शेजारी प्रश्नचिन्ह.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली. त्यामुळे हा कंस आता फक्त संशोधकांचा राहिलेला नाही. समजा ‘कु.’खाली चार 〃 आहेत. मी पहिला उलगडला तो अंदाज. खालचे चारही भरले की यादीत पाच नोंदी दिसतात, पण पुरावा एकच असतो, आणि तोही अंदाजाचा. वरचा चुकला तर पाचही चुकले. म्हणून वरचं प्रश्नचिन्ह खालच्या प्रत्येक 〃 बरोबर उतरलं पाहिजे.

कुणी म्हणेल, मग भरूच नका. तेही चालत नाही. एक्सेलमध्ये नुसते 〃 ठेवून कुणी नावांप्रमाणे अकारविल्हे क्रम लावला की प्रत्येक 〃 भलत्याच ओळीखाली जाऊन बसतो आणि लोहाराचा सुतार होतो, तोही कुणाला न कळता. त्यावर साधा उपाय: तीन रकाने. मूळ पान आणि ओळ क्रमांक, जसंच्या तसं, आणि वाचन. दुसऱ्या रकान्याला पुन्हा हात लावायचा नाही. दुरुस्ती फक्त तिसऱ्यात.

कंसांनी पान बरबटतं हे मला मान्य आहे. ‘रा।’ला दरवेळी कंस नको, प्रस्तावनेत यादी दिली की पुरे. पण त्या यादीत फक्त एकच वाचन असलेले संक्षेप असावेत. ‘ता।’ त्यात बसत नाही.