‘वेगळी शाई’ म्हणजे खोटा दाखला का?

जात पडताळणीची निकालपत्रं वाचताना एक वाक्य वारंवार भेटतं: ‘नोंद वेगळ्या शाईत व वेगळ्या हस्ताक्षरात दिसते.’ दक्षता पथकाच्या अहवालातून ते येतं, आणि पुष्कळदा त्यावरच दाव्याचं भवितव्य हलतं. माझा आक्षेप या वाक्याच्या ‘दिसते’वर आहे.

गोंदियाचं उदाहरण घेऊ; प्रसंग कल्पित आहे, पण चौकट खरी. आजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, नोंद १९३८ची. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हताच, हा भाग मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता. जातीच्या रकान्यात ‘हलबी’ हा शब्द शेजारच्या नोंदींपेक्षा गडद. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५०चा, म्हणून त्याआधीच्या नोंदीला मोठं वजन. शिवाय २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिलिंद खटल्यात हलबा-कोष्टी हे हलबा जमातीत मोडत नाहीत असं ठरवलं. त्यामुळे इथे एक शब्द खरवडला किंवा घातला गेला का, हा प्रश्न रास्तच आहे. पण उत्तर नुसत्या डोळ्यांनी मिळत नाही.

पहिली गोष्ट, मूळ रजिस्टर हवं. शाळेने आज दिलेल्या दाखल्यावर ‘जि. गोंदिया’ असा शिक्का असणारच, जिल्हा १ मे १९९९ला झाला ना! तोच शिक्का १९३८च्या मूळ पानावर असता तर मात्र गंभीर बाब. झेरॉक्सवरून शाईबद्दल काहीच सांगता येत नाही, आणि जुना कागद प्रेमाने लॅमिनेट केला असेल तर तपासणी फारच अवघड होते.

मग प्रकाश. बाजूने तिरपा प्रकाश टाकला की खरवडलेले तंतू उठून दिसतात. मागून टाकला की तिथला कागद पातळ दिसतो. खरवडल्याने कागदावरची खळ निघते, म्हणून तिथे पुन्हा लिहिलं की शाई फुटते. त्यानंतर अवरक्त प्रकाश. त्यात साध्या रंगाची निळी शाई विरून जाते, तर लोहयुक्त निळी-काळी शाई बराच वेळ टिकून राहते. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन शाया अशा वेगळ्या होतात.

पण वेगळी शाई सापडली म्हणजे काय सिद्ध झालं? मास्तर टाक-दौतीने लिहीत. टाक नुकताच बुडवला की अक्षर गडद, मग फिकं. पुडी विरघळवून केलेली शाई कधी दाट, कधी पातळ. कुणी चूक त्याच आठवड्यात दुरुस्त केली असेल. म्हणून तज्ज्ञ त्याच रजिस्टरच्या आजूबाजूच्या पानांत तीच शाई शोधतो. सापडली, तर संशय बराच उतरतो. उलट, अक्षरांत टाकाच्या निबच्या दुहेरी रेषांऐवजी बॉलपेनची एकसलग खाच दिसली, तर खेळ संपला: बॉलपेन अमेरिकेच्या बाजारातही १९४५मध्ये आला.

‘शाईचं वय काढा’ ही मागणीही होते. बॉलपेनच्या शाईतलं द्रावक हळूहळू उडून जातं, ते मोजून लिखाण ताजं आहे का याचा अंदाज येतो. पण साधारण वर्ष-दोन वर्षांनंतर हा मार्ग बंद होतो. लोहयुक्त शाई तपकिरी होते, मात्र किती वर्षांत, हे दमट खोली आणि कागद ठरवतात. कागदाचं वयही फसवं. अतिनील प्रकाशात पान निळसर-पांढरं चमकलं तर त्यात उजळपणा आणणारं रसायन आहे, म्हणजे ते साधारण १९५०नंतरचं. बांधणीत मागाहून घुसवलेलं पान असं पकडता येतं. पण जुन्याच कोऱ्या रकान्यात काल लिहिलेला शब्द कागद सांगत नाही.

हस्ताक्षराचं तर आणखी अवघड. ‘हलबी’ ही तीनच अक्षरं. त्याच मास्तरांच्या त्याच काळातल्या भरपूर नोंदी शेजारी ठेवल्या, ‘ह’चं वळण, वेलांटीची सुरुवात, शिरोरेषेचा जोर पाहिला, तरी ‘मत देता येत नाही’ हे प्रामाणिक उत्तर असू शकतं. मुरारीलाल खटल्यात (१९८०) न्यायालयाने तज्ज्ञाच्या मताकडे सावधपणे पाहायला सांगितलं, ते उगीच नाही.

माधुरी पाटील निकालाने (१९९४) दक्षता पथकाला गावात जाऊन शाळेच्या नोंदी पाहायला सांगितलं. संशयित नोंद प्रयोगशाळेत कधी पाठवायची, हे मात्र त्यातून ठरत नाही. माझं म्हणणं एवढंच: अहवालात तीन प्रश्न वेगळे असावेत. शाई वेगळी आहे का? ती मागाहून आली याचा काही पुरावा आहे का? ती कोणी लिहिली, हे सांगता येतं का? पहिल्याला ‘हो’ मिळालं म्हणून उरलेल्या दोघांना ‘हो’ मिळत नाही. २०१७च्या बहिरा निकालानंतर दावा अवैध ठरला की नोकरी, प्रवेश सगळं जातं. आणि खोटी नोंद निसटली, तर खऱ्या आदिवासी मुलाची जागा जाते. दोन्ही बाजूंना एवढं पणाला लागलेलं असताना ‘दिसते’ हा शब्द पुरत नाही.