पोळी सोडल्यावर नक्की काय सुटतं?

मागच्या महिन्यात आमच्या विभागातला एक ज्युनिअर प्रपोजलचा कच्चा मसुदा घेऊन आला. स्वतः धावतो, दोन हाफ मॅरेथॉन पूर्ण केल्यात. त्याची योजना सरळ होती: २० धावपटू घ्यायचे, चार आठवडे गहू बंद करायचा, आधी आणि नंतर १० किलोमीटरची वेळ मोजायची. कल्पना कुठून आली विचारलं, तर म्हणाला, "ताई, मी तीन आठवड्यांपूर्वी पोळी सोडली. पोट हलकं वाटतं, वेळही कमी झाली. म्हणजे हा ग्लूटेनचाच परिणाम ना?"

मी त्या 'ग्लूटेनचाच'मधल्या 'च'वर अडकले. आजची पोस्ट त्या एका 'च'बद्दल आहे.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू. सीलिअ‍ॅक आजार असलेल्या माणसाच्या शरीरात ग्लूटेन गेलं की त्याचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. त्यांना ग्लूटेन कायमचं आणि काटेकोरपणे बंद करावं लागतं, त्यात फॅशन काही नाही. प्रश्न आहे तो हा आजार नसूनही गहू सोडणाऱ्या खेळाडूंचा. ते थोडेथोडके नाहीत. २०१५ साली डेना लिस आणि सहकाऱ्यांनी हा आजार नसलेल्या ९१० खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातले ४१ टक्के निम्म्याहून जास्त वेळ ग्लूटेन टाळत होते आणि त्यांतल्या बहुतेकांना डॉक्टरांनी तसं सांगितलेलं नव्हतं. हा आकडा वापरताना जपून. अशी प्रश्नावली भरायला विषयात रस असलेलेच जास्त पुढे येतात, त्यामुळे 'जगातले ४१ टक्के खेळाडू' असं त्यावरून लिहिता येत नाही.

जोकोविचचा ब्रेड

या फॅशनची सगळ्यात गाजलेली गोष्ट नोव्हाक जोकोविचची. जानेवारी २०१० मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत तो त्सोंगाकडून हरला, सामन्यात त्याची तब्येत पार ढासळली होती. त्याच वर्षी इगोर चेतोयेविच नावाच्या डॉक्टरने त्याला एक चाचणी करून दाखवली. एक हात आडवा धरायचा, डॉक्टर तो खाली दाबणार. मग ब्रेडचा तुकडा पोटाशी धरून पुन्हा तेच. ब्रेड पोटाशी असताना हात कमजोर पडला. पुढे त्याने ग्लूटेन सोडलं आणि २०११ मध्ये तीन ग्रँड स्लॅम जिंकले. २०१३ च्या 'सर्व्ह टू विन' या पुस्तकात त्याने हे सगळं लिहिलंय.

संशोधक म्हणून हे वाचताना काय खटकतं? हाताच्या चाचणीत ब्रेड कधी आहे हे दोघांनाही दिसत होतं. दाबणाऱ्याला माहीत, रोखणाऱ्यालाही माहीत. शिवाय आहारातून एकटं ग्लूटेन गेलं नाही. दुधाचे पदार्थ गेले, साखर कमी झाली, खाण्याकडे लक्ष वाढलं. आणि हे सगळं तेविशीतल्या, आधीच जगातल्या पहिल्या पाचांत खेळणाऱ्या माणसाच्या बाबतीत घडलं. त्याला बरं वाटलं यावर माझा काही आक्षेप नाही. त्याने कारण ठरवलं, आक्षेप त्यावर आहे.

सहा पोळ्यांचा हिशोब

आता आमच्या ज्युनिअरकडे या. तो दिवसाला साधारण सहा पोळ्या खायचा. एका पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर १८० ग्रॅम झाली. त्याबरोबर काय काय गेलं ते मोजू.

कणकेत साधारण ११-१२ टक्के प्रथिनं असतात आणि त्यांतला पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्त ग्लूटेन. म्हणजे सहा पोळ्यांतून सुमारे १६ ग्रॅम ग्लूटेन गेलं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका पोळीत २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं धरली, तर १२० ग्रॅम कर्बोदकंही गेली. रोज एक ते तीन तास सराव करणाऱ्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ६ ते १० ग्रॅम कर्बोदकं लागतात असं मानलं जातं. तो ६० किलोचा आहे, म्हणजे किमान ३६० ग्रॅम. पोळीऐवजी तेवढीच भाकरी किंवा भात घेतला तर प्रश्न नाही. नुसती पोळी वगळली तर गरजेचा तिसरा हिस्सा गायब. सुरुवातीला वजन उतरतं, 'हलकं' वाटतं आणि काही आठवड्यांनी लांबच्या धावेत पाय ओढायला लागतात.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या गावीही नसते, ती म्हणजे फ्रुक्टान. गव्हात एक-दोन टक्के असणारी ही साखरेच्या साखळ्यांची जात आपल्या लहान आतड्यात पचतच नाही. ती मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू तिला आंबवतात, गॅस होतो, पोट तट्ट फुगतं. सहा पोळ्यांतून दोन ते साडेतीन ग्रॅम फ्रुक्टान जातं. ज्वारी-बाजरीत ते खूपच कमी.

आणि चौथी गोष्ट: गहू बंद म्हणजे वडापावातला पाव, बिस्किटं, रात्रीचा पिझ्झा हेही बंद. आता सांगा, फरक पडला तर श्रेय कुणाचं?

'च' तपासायचा कसा?

डेना लिस यांच्याच गटाने २०१५ मध्ये यावर प्रयोग केला आणि त्याची रचना मुद्दाम शिकण्यासारखी आहे. १३ सायकलपटू घेतले, सीलिअ‍ॅक नसलेले आणि आतड्याच्या तक्रारींचा इतिहास नसलेले. इथे गंमत बघा. दोन्ही आठवडे सगळेच जण ग्लूटेनमुक्त जेवले. फरक फक्त दिलेल्या खाद्य-बारमध्ये होता. एका आठवड्याच्या बारमधून दिवसाला १६ ग्रॅम गव्हाचं ग्लूटेन मिळायचं, दुसऱ्या आठवड्याच्या बारमध्ये ते नव्हतं. कोणता बार कोणता, हे खेळाडूंना किंवा मोजणाऱ्यांना माहीत नव्हतं. मध्ये दहा दिवसांची मोकळीक. म्हणजे पिझ्झा दोन्हीकडे बंद, लक्ष दोन्हीकडे सारखं, बदललं ते एकटं ग्लूटेन. आणि मात्रा आपल्या सहा पोळ्यांएवढीच.

सातव्या दिवशी ४५ मिनिटं ठरावीक वेगाने सायकल, मग १५ मिनिटांची टाइम ट्रायल. ग्लूटेन असताना सरासरी काम २४५.४ किलोज्यूल, नसताना २४५.०. पोटाच्या तक्रारी, आतड्याच्या इजेची खूण मानलं जाणारं रक्तातलं प्रथिन, यांतही फरक सापडला नाही.

त्या सरासरीपुढे ± ५३ च्या आसपास आकडा दिसेल. पहिल्यांदा पेपर वाचणारे हमखास इथे घसरतात: "एवढा विखुरलेला डेटा, मग निष्कर्ष कसा?" तो विखुरलेपणा माणसामाणसांतला आहे. एक सायकलपटू तगडा, दुसरा किरकोळ. क्रॉसओव्हर प्रयोगात प्रत्येकाची तुलना स्वतःशीच होते, त्यामुळे इथे बघायचा तो प्रत्येकाच्या दोन आकड्यांतला फरक.

पण एवढ्यावर थांबू नका

हा प्रयोग मला आवडतो, तरी त्याच्याकडून त्याने न दिलेली उत्तरं वदवून घेऊ नका. माणसं १३, मुदत सात दिवस. एकच खेळाडू दोन दिवशी एक-दोन टक्के इकडेतिकडे होतोच, त्यामुळे अर्ध्या टक्क्याचा फरक असता तरी तो इथे दिसला नसता. 'फरक सापडला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्याहून मोठी मर्यादा म्हणजे ज्यांचं पोट दुखतं तेच लोक प्रयोगात नव्हते. आणि गहू सोडून बरं वाटतं म्हणणारे बहुधा तेच असतात.

त्यांच्याबद्दलचा धागा ऑस्लोमधल्या एका प्रयोगात मिळतो (स्कोडये आणि सहकारी, २०१८). ते खेळाडू नव्हते. सीलिअ‍ॅक नसताना 'मला ग्लूटेन सोसत नाही' म्हणणारे ५९ जण होते. त्यांना एकेक आठवडा तीन प्रकारचे बार दिले: एकात ग्लूटेन, एकात २.१ ग्रॅम फ्रुक्टान, एकात दोन्ही नाही. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानच्या आठवड्यात झालेले २४, काहीच नसलेल्या बारने झालेले २२ आणि ग्लूटेनने झालेले फक्त १३.

म्हणजे त्रास खरा होता, नाव चुकलं होतं. नाव चुकलं की उपायही चुकतो. फ्रुक्टान सोसत नसेल तर पोळी सोडून कांदा-लसणाची भाजी चापणारा माणूस चक्रावणारच, कारण कांदा-लसणातही फ्रुक्टान भरपूर. उलट त्याला पोळी पूर्ण सोडायची गरजही नसेल. शर्यतीच्या आदल्या दोन दिवशी कमी केली तरी भागेल.

मग प्रपोजलचं काय झालं?

'आधी-नंतर' आम्ही खोडलं. आता मसुद्यात पोटाचा त्रास होणारे धावपटू आहेत, सगळ्यांना एकच गहू-विरहित जेवण आहे आणि तीन प्रकारचे लाडू: ग्लूटेनचा, फ्रुक्टानचा, साधा. चव ओळखू येते का, याची चाचणी आधी. लाडू ओळखता आला तर प्रयोग तिथेच बाद.

पण निवडीच्या निकषांत 'सीलिअ‍ॅक नसल्याची रक्ततपासणी' लिहिताना तो थांबला. म्हणाला, "ताई, माझीच कधी झाली नाहीये." मग कळलं, वर्षभर त्याचं हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, फरक नाही. आतडं लोह नीट शोषत नसेल तर असं होतं, आणि सीलिअ‍ॅकची ती एक ओळखीची खूण आहे.

अडचण अशी की ही तपासणी ग्लूटेनविरुद्धच्या प्रतिक्रियेतून तयार होणारी प्रतिपिंडं शोधते. गहू बंद केला की ती हळूहळू उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज एकाहून जास्त जेवणांत ग्लूटेन असावं. तुमच्यापैकी कुणी पोळी सोडायच्या विचारात असाल, तर तपासणी आधी करा, पोळी नंतर सोडा.

आमचा ज्युनिअर डॉक्टरांना भेटून आला आणि सध्या पुन्हा पोळ्या खातोय. चौथा आठवडा चालू आहे, तपासणी व्हायचीय. त्याचा 'च' कदाचित बरोबरही निघेल. तसं झालं तर तो स्वतःच्या प्रयोगात बसणार नाही, आणि हे त्याला प्रपोजल लिहिताना कळलं.