निबंधोत्तरांतील ‘आणि’
१८५७ च्या उठावाची कारणे विचारणाऱ्या निबंधचाचणीनंतर चुकांची वर्गवारी बहुधा विषयवार केली जाते: काडतुसे, खालसा धोरण, धर्मभय. ती फसवी होय. ‘अवध १८५६ मध्ये खालसा झाले आणि शिपाई बिघडले’ असे लिहिणाऱ्यास दोन्ही गोष्टी ठाऊक असतात. बंगाल लष्करातील पुष्कळ शिपाई अवधचेच होते, हा दुवा मात्र ‘आणि’मागे दडतो. सनांच्या चुका (साताऱ्याचे १८४८ चुकले, तर) फळ्यावर एका ओळीत सुधारतात. दुव्याच्या चुकांचा गठ्ठा निराळा काढून पुनराध्यापनाचा तास त्यांनाच द्यावा. ‘आणि’ खोडवून त्या जागी दुवा सांगणारे वाक्य वर्गाकडून लिहवून घ्यावे. नुसते ‘म्हणून’ घालणारी उत्तरे त्याच गठ्ठ्यात राहतील.