‘डिस्क पुसली’ हे नक्की कोण सांगतंय?

जुना सर्व्हर भंगारात देताना एक कागद मिळतो: इतक्या डिस्क पुसल्या, पडताळणी केली, खाली सही-शिक्का. आज ज्या पेपरबद्दल लिहितेय तो वाचल्यावर त्या कागदावरचा ‘पडताळणी’ हा शब्द मला फार मोघम वाटायला लागला.

पेपर जुना आहे, 2011 च्या फास्ट परिषदेतला. मायकेल वे आणि त्यांच्या सॅन दिएगोच्या सहकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला: एसएसडी पुसली म्हणतात, तेव्हा खरंच पुसली जाते का? उत्तर शोधायची त्यांची पद्धत हीच या पेपरची खरी कमाई. त्यांनी डिस्क ओळखता येईल अशा खुणेच्या डेटाने भरली, पुसायची आज्ञा दिली, मग चिप काढून थेट त्यातून वाचलं. म्हणजे डिस्कला विचारलंच नाही.

हे का गरजेचं होतं? एसएसडीमध्ये एखाद्या पत्त्यावर नवीन डेटा लिहिला, तरी तो जुन्याच्या जागी बसत नाही. वहीत खाडाखोड न करता नवीन पानावर लिहायचं आणि अनुक्रमणिकेत पानाचा नंबर बदलायचा, तसं काहीसं. जुनं पान वहीत तसंच राहतं. शिवाय आपल्याला दिसते त्यापेक्षा जास्त जागा आत असते. त्यामुळे आपण संपूर्ण डिस्क वाचून ‘सगळीकडे शून्य’ बघितलं, तरी आपण फक्त अनुक्रमणिकेतून दिसणारी पानं बघितलेली असतात.

निकाल बघा. 12 डिस्कपैकी 8 डिस्क अंगभूत सिक्युरिटी इरेजची सोय असल्याचं सांगत होत्या. त्यातली एक डेटा एन्क्रिप्ट करून ठेवायची, म्हणून तिची पडताळणीच करता आली नाही. उरलेल्या 7 पैकी फक्त 4 डिस्कनी ही आज्ञा भरवशाने पाळली. आणि एकीने तर कमालच केली: ‘काम झालं’ असं उत्तर दिलं, पण डेटा जसाच्या तसा होता, फाइल सिस्टिमसुद्धा माउंट होत होती! या डिस्कचं प्रमाणपत्र कुणी डिस्कच्या उत्तरावर विसंबून केलं असतं, तर ते नीटनेटकं आणि पूर्ण खोटं झालं असतं.

आता माझ्या तक्रारी. पहिली, डिस्कना नावांऐवजी अक्षरं दिली आहेत. संशोधक म्हणून ते समजू शकते, पण ज्याच्या कपाटात त्यातलीच डिस्क पडून आहे त्याला काही कळत नाही. दुसरी तक्रार मोठी आहे. चिप काढून वाचायची पद्धत एन्क्रिप्ट करणाऱ्या डिस्कपाशी अडते. तिथे पुसणं म्हणजे किल्ली नष्ट करणं. चिपमध्ये काहीतरी अगम्य सापडणारच, पण किल्लीची प्रत कुठे उरली नाही हे त्यावरून कसं सिद्ध करणार? 12 पैकी एका डिस्कपुरती वाटलेली ही अडचण आज नेहमीची झाली आहे.

मग नोंदीत काय लिहायचं? निस्ट 800-88 च्या 2014 सालच्या आवृत्तीत प्रमाणपत्राचा नमुना आहे: मॉडेल, सिरियल नंबर, पद्धत, वापरलेलं टूल आणि त्याची आवृत्ती, पडताळणी कशी केली, डिस्क पुढे कुठे गेली. माझ्या मते ‘पडताळणी कशी’ या रकान्यात कोणाच्या शब्दावर, हेही हवं. एनव्हीएमई डिस्कवर सॅनिटाइझ चालवल्यानंतर आपण हे बघतो:

```
sudo nvme sanitize-log /dev/nvme0
```

इथे यश दिसलं तर नोंद अशी हवी: ‘डिस्कने यश कळवलं, नंतर दिसणारी सर्व जागा वाचली, खुणेचा डेटा सापडला नाही, लपलेली जागा तपासलेली नाही.’ शेवटचं वाक्य लिहायला कुणालाच आवडणार नाही, पण तेच वाचून ठरवता येतं की डिस्क विकायची की चुरा करायचा. रुग्णांच्या नोंदी असतील तर मी चुराच करेन, आणि तोही चिपपर्यंत पोहोचणारा. मोठ्या तुकड्यात अख्खी चिप शाबूत राहू शकते.

आणि नोंद एकेका सिरियल नंबरची हवी, ‘50 नग’ अशी नको. मॉर्गन स्टॅन्लीने जुनी उपकरणं काढायचं काम डेटा नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं होतं. काही उपकरणं लिलावाच्या साइटवर विकली गेली, त्यात ग्राहकांचा डेटा होता. 2022 मध्ये अमेरिकेच्या एसईसीने 3.5 कोटी डॉलरचा दंड केला. त्याच प्रकरणात 42 सर्व्हर गायब असल्याचं कळलं ते नोंदी ताडून बघितल्यावर. एन्क्रिप्शनची सोय उपकरणांत होती, पण कित्येक वर्षं ती चालूच केली नव्हती.

वे यांच्या पेपरने डिस्कच्या शब्दावर विश्वास ठेवू नका हे दाखवलं. सर्व्हर गायब असेल, तर शब्द द्यायला डिस्कच हातात नसते.