कांद्याचा भाव आणि आठवणीतला आकडा

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एक गृहस्थ राहतात. त्यांना आपण 'विवेकी निवडकर्ता' म्हणतो. निवड करताना ते फक्त पुढे काय मिळेल एवढंच बघतात. काल काय भाव होता, गेल्या वर्षी शेजाऱ्याला किती मिळाले, याचं त्यांना सोयरसुतक नसतं. या गृहस्थांना आज आपण वणीच्या लिलावात उभं करून बघू.

आपल्याकडचा उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपासून निघतो. तो लगेच विकायचा, की चाळीत भरून दिवाळीपर्यंत थांबायचं, हा घरोघरी वादाचा विषय. समजा, आपल्याकडे १०० क्विंटल कांदा आहे आणि आजचा भाव क्विंटलला १,५०० रुपये आहे (आकडे हिशोबापुरते घेतलेत). आज विकला तर दीड लाख येतात. पण गेल्या हंगामात २,००० मिळालेले असतात. म्हणून आपण म्हणतो, 'दोन हजारांखाली द्यायचा नाही.'

आता पुढचं बघा. चार-पाच महिन्यांत वजन घटतं, काही कांदा सडतो, काहीला कोंब येतात. घट ३० टक्के धरली तर हाती ७० क्विंटल उरतो. समजा तेव्हा भाव खरोखरच २,००० झाला. आपण खूश, शब्द खरा झाला! पण सत्तर गुणिले दोन हजार म्हणजे १ लाख ४० हजार. हट्ट पुरा झाला आणि दहा हजार गेले. नुसती बरोबरी साधायला सुमारे २,१४३ चा भाव हवा होता. व्याज आणि कांदा निवडण्याची मजुरी वेगळीच.

हे होतं कसं? डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी याचे दोन धागे दाखवले. पहिला १९७४ च्या लेखात. त्यांनी लोकांसमोर आकड्यांचं चाक फिरवलं. ते १० किंवा ६५ वरच थांबे. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के? दहा बघितलेल्यांचा मधला अंदाज २५ आला, पासष्टवाल्यांचा ४५. चाकाचा उत्तराशी काडीचाही संबंध नव्हता, तरी मन तिथे नांगर टाकून बसलं. गेल्या हंगामातले २,००० हा असाच नांगर.

दुसरा धागा १९७९ चा. माणूस फायदा-तोटा शून्यापासून मोजत नाही, मनातल्या एका खुणेपासून मोजतो. आणि त्या खुणेखालचा तोटा तेवढ्याच फायद्याच्या साधारण दुप्पट टोचतो. खूण २,००० वर असली की आजचे १,५०० म्हणजे 'पाचशेचा तोटा'. विकलं की तो पक्का होतो. चाळीतली घट मात्र रोज थोडीथोडी, ढिगाच्या आत होते. तिची पावती कुणी फाडत नाही, म्हणून ती टोचतही नाही.

पण थांबा. यावरून 'शेतकरी अविवेकी' असा शिक्का मारणारी मंडळी आम्हाला तितकीच चुकीची वाटतात. चाळ भरणं म्हणजे आपोआप भ्रम नव्हे. पावसाळ्यानंतर नवा कांदा येईपर्यंत भाव चढण्याची शक्यता खरी असते, आणि जुना भाव ही त्याबद्दलची माहितीही असू शकते. उलट, सोसायटीचा हप्ता आला म्हणून कमी भावात विकणारा चुकला असंही म्हणता येत नाही.

मग भ्रम ओळखायचा कसा? सारखा माल, सारखी चाळ, सारखी पैशाची गरज असलेले दोन शेजारी घ्या. पुढच्या भावाबद्दल दोघांचा अंदाजही एकच. फरक इतकाच की गेल्या वर्षी एकाला ३,००० मिळाले, दुसऱ्याला १,०००. एवढ्यावरून पहिला थांबला आणि दुसऱ्याने विकलं, तर तिथे माहिती नाही, नांगर काम करतो आहे.

याला मर्यादाही आहे, बरं का. जॉन लिस्ट यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या खेळाडूंच्या कार्डांच्या बाजारात पाहिलं की मुरलेले विक्रेते हातातली वस्तू नवख्यांपेक्षा सहज बदलून घेतात. म्हणजे हातचं सुटू न देण्याची ही ओढ सरावाने कमी होऊ शकते. पण व्यापारी वर्षाला शेकडो सौदे करतो. शेतकऱ्याचा मोठा निर्णय वर्षाला एखादाच. सराव व्हायचा कुठून?

पाठ्यपुस्तकातल्या गृहस्थांची खरी खोट इथे आहे. त्यांना आठवणच नाही, त्यामुळे आठवणीतलं काय उपयोगाचं आणि काय नुसतं ओझं हा प्रश्नच त्यांना पडत नाही. तो आपल्याला पडतो. म्हणून चाळीच्या दारावर 'किती भावाला देणार' हा आकडा लिहू नये. 'आज विकला तर एकूण किती, आणि घट वजा जाता पुढे किती' हे दोन आकडे लिहावेत, आणि दर पंधरा दिवसांनी ढीग उघडून पुन्हा मांडावेत.